अपठित गद्य उतारा : तरण्या पावसातला बाजार

इयत्ता दहावी · मराठी (प्रथम भाषा) · सराव कृतिपत्रिका
गुण : २० · वेळ : ४५ मिनिटे

सूचना : उतारा आधी पेन खाली ठेवून एकदा सलग वाचा. एखादा शब्द अडला तर तिथेच थांबू नका. पुढच्या दोन ओळी वाचून मग त्याच्याकडे परत या, निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ शेजारच्या वाक्यातच सापडेल. प्रश्न दुसऱ्या वाचनानंतर सोडवा.

उतारा

मृग कोरडा गेला. आर्द्रा नक्षत्रात चार सरी पडल्या आणि पुनर्वसू लागताच झड बसली. आमच्याकडे या पावसाला ‘तरणा’ म्हणतात आणि त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. तरणा दम घेत नाही. तीन दिवस त्याने माळशेजचा कडा दिसू दिला नाही. मंगळवारी सकाळी जराशी उघडीप मिळाली, तशी आईने पिशवी उचलली. “चल, बाजार भरला असेल.”

बाजार भरला होता. मैदानात चिखल एवढा, की त्यात रुतलेली बैलगाडी दिवाळीलाच वर निघावी! रस्त्याच्या कडेने छत्र्या, रबरी चपला, विळे, प्लॅस्टिकचे कागद मांडलेले. आईचे पाय मात्र आपसूक वडाखालच्या रांगेकडे वळले. डोंगरातून उतरलेल्या ठाकर आणि कातकरी बाया तिथे रानभाज्या घेऊन बसतात. टपटपत्या ताडपत्रीखाली टोपल्या टेकवून काही जणी टेकल्या होत्या. ज्यांना आडोसा मिळाला नव्हता, त्या पाठीवर इरली घेऊन ओणव्या बसल्या होत्या. लांबून वाटले, जणू कासवांची रांगच बाजाराला आली आहे.

इथे तराजू क्वचितच दिसतो. मोजमाप जुडीत नाहीतर वाट्यात. टाकळ्याची जुडी, कुर्डूची जुडी, फोडशीची जुडी, भारंगीच्या कोवळ्या पानांचा वाटा. कंटोली नुकतीच सुरू झाली होती, म्हणून त्यांचे वाटे लहान. एका घमेल्यात नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या. “हा बाजार म्हणजे रानाचे उघडे कोठार,” आई नेहमी म्हणते. नांगरट नाही, पेरणी नाही, खत नाही; पाऊस पडला की उगवते आणि ज्याला ओळखता येते त्यालाच सापडते.

रांगेच्या टोकाला एक आजी बसते. तिचे हात ऐनाच्या सालीसारखे भेगाळलेले आहेत. ती शेवळे साफ करत होती. जांभळट तपकिरी आवरण बोटाने उलगडायचे, आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा भाग नखाने खुडून टाकायचा, उरलेला दांडा वाट्यात ठेवायचा. बोलताना तिची नजर कामावरून हलत नव्हती.

“कसा दिला वाटा, आजी?”

“पन्नासला. शेवळांचा हा शेवटचाच बाजार, बाई. पुढच्या मंगळवारी मागशील तर नाही गावायची.”

“चाळीस घ्या की.”

“पहाटे चारला डोंगर चढले. पायाला दोन जळवा डसल्या. त्यांनी काय घासाघीस केली नाही.”

आईने मुकाट पन्नासची नोट पुढे केली. आजीने ती आधी कपाळाला लावली, मग कमरेच्या चंचीत सारली. सकाळपासून तिची भवानीच झाली नव्हती. आम्ही वळणार, तोच तिने हाक मारली आणि आवळ्याएवढ्या हिरव्या फळांची एक मूठ आमच्या पिशवीत टाकली.

“शेवळं एकटी नेलीस तर घशाशी भांडतील. ही काकडं संगं ने. ती भांडण मिटवतात.”

“याचे किती?” आईने विचारले.

“त्याचे कसले पैसे! ज्या दिवशी इथला भाव आटेल, त्या दिवशी मी टोपली उचलीन.”

आई काही बोलणार होती. पण ताडपत्रीच्या फुगलेल्या पोटात दबा धरून बसलेल्या पावसाने तेवढ्यात माझ्या मानेवर उडी घेतली आणि आम्ही दोघी वडाच्या खोडाकडे धावलो.

प्रश्न १. शब्दसंपत्ती (८ गुण)

(अ) उताऱ्याच्या आधारे अर्थ लिहा. (३)
झड, उघडीप, ओणवी, आडोसा, खुडणे, घासाघीस

(आ) ‘भवानी होणे’ याचा अर्थ लिहा आणि उताऱ्यातील कोणत्या दोन तपशिलांवरून तो कळतो ते सांगा. (२)

(इ) खालील वाक्यांत ‘वाटा’ या शब्दाचे अर्थ कोणते? उताऱ्यातील अर्थ कोणत्या वाक्यात आला आहे? (२)
(१) गवत माजले आणि रानातल्या वाटा बुजल्या.
(२) या यशात तिचाही वाटा आहे.
(३) दोन वाटे घेतलेस तर पाच रुपये कमी करीन.

(ई) उताऱ्यातून विरुद्धार्थी शब्दांच्या दोन जोड्या शोधा. (१)

प्रश्न २. अलंकार (९ गुण)

(अ) अलंकार ओळखा. (५)
(१) टपटपत्या ताडपत्रीखाली टोपल्या टेकवून काही जणी टेकल्या होत्या.
(२) जणू कासवांची रांगच बाजाराला आली आहे.
(३) हा बाजार म्हणजे रानाचे उघडे कोठार.
(४) चिखल एवढा, की त्यात रुतलेली बैलगाडी दिवाळीलाच वर निघावी!
(५) दबा धरून बसलेल्या पावसाने माझ्या मानेवर उडी घेतली.

(आ) ‘तिचे हात ऐनाच्या सालीसारखे भेगाळलेले आहेत.’ उपमेय, उपमान, साधर्म्यदर्शक शब्द आणि समान गुण लिहा. (२)

(इ) ‘ज्या दिवशी इथला भाव आटेल, त्या दिवशी मी टोपली उचलीन.’ या वाक्यातील अलंकार ओळखून स्पष्ट करा. (२)

प्रश्न ३. स्वमत (३ गुण)

आईने घासाघीस का थांबवली असावी? आजीच्या बोलण्याचा आधार घेऊन पाच-सहा ओळींत लिहा.

उत्तरे आणि चर्चा

(सगळे प्रश्न सोडवून झाल्यावरच वाचा.)

प्रश्न १. (अ) झड : न थांबता लागून राहिलेला पाऊस. उघडीप : पावसाने मध्येच घेतलेली विश्रांती. ओणवी : पुढे वाकलेली. आडोसा : ऊन-पावसापासून वाचवणारा आधार. खुडणे : नखाने किंवा बोटांनी तोडणे. घासाघीस : भाव कमी करण्यासाठी केलेली ओढाताण.
‘झड’ म्हणजे ‘जोराचा पाऊस’ असे उत्तर बरेच जण लिहितात. ते अपुरे आहे. जोराची सर पाच मिनिटांत ओसरते. झडीत सातत्य महत्त्वाचे, आणि ‘तीन दिवस’ हा दुवा उताऱ्यातच दिलेला आहे.

(आ) दिवसाची पहिली विक्री होणे. आजी नोट कपाळाला लावते आणि ‘सकाळपासून’ हा शब्द येतो, या दोन तपशिलांवरून अर्थ कळतो. फक्त ‘देवीचे नाव’ असे लिहिल्यास गुण नाहीत.

(इ) (१) रस्ते, ‘वाट’चे अनेकवचन. (२) सहभाग. (३) विकण्यासाठी मांडलेला मालाचा छोटा ढीग. उताऱ्यातील अर्थ तिसऱ्या वाक्यात आहे. पहिल्या वाक्यातला शब्द मुळातच वेगळा आहे. तिथे ‘वाट’ स्त्रीलिंगी, तर इतर दोन ठिकाणी ‘वाटा’ पुल्लिंगी. अर्थाबद्दल शंका आली की लिंग तपासा.

(ई) झड × उघडीप, तरणा × म्हातारा. ‘शेवटचा × पहिला’ चालणार नाही, कारण ‘पहिला’ उताऱ्यात नाही.

प्रश्न २. (अ) (१) अनुप्रास. ‘ट’ या वर्णाची पुनरावृत्ती आहे. वाक्य मोठ्याने वाचा, ताडपत्रीवर पडणारे थेंब कानाला ऐकू येतील. अनुप्रास ओळखायला डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात.

(२) उत्प्रेक्षा आणि (३) रूपक. गुण इथेच जास्त जातात, म्हणून जरा थांबू. ‘जणू’ म्हणताना बाया आणि कासवे वेगळी आहेत हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. त्या कासवेच असाव्यात अशी तो कल्पना करतो. ‘म्हणजे’ म्हणताना तो अंतर ठेवतच नाही. बाजार आणि कोठार एकरूप झाले, म्हणून रूपक. ‘हा बाजार कोठारासारखा आहे’ असे म्हटले असते तर उपमा झाली असती. ही तिन्ही रूपे एकाखाली एक लिहून पाहा. मात्र ‘जणू’ दिसला तरच उत्प्रेक्षा, अशी सवय लावून घेऊ नका. काही वेळा ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’, ‘की’ असे शब्दही तेच काम करतात.

(४) अतिशयोक्ती. चिखल होता हे खरे, तो दिवाळीपर्यंतचा केला ही अतिशयोक्ती.

(५) चेतनगुणोक्ती. पाऊस निर्जीव आहे. दबा धरणे आणि उडी घेणे या सजीवाच्या कृती त्याला दिल्या आहेत. याच अलंकाराचे आणखी एक उदाहरण उताऱ्यात आहे : ‘शेवळं घशाशी भांडतील.’ शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून भाजीत काकडे किंवा चिंचेसारखे आंबट काहीतरी घालतात. आजीने हे सगळे ‘भांडण’ आणि ‘मिटवणे’ या दोन शब्दांत बसवले. अलंकार फक्त कवितेत असतात असे वाटणाऱ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून ठेवावे.

(आ) उपमेय : आजीचे हात. उपमान : ऐनाची साल. साधर्म्यदर्शक शब्द : सारखे. समान गुण : भेगाळलेपण. ज्यांनी ऐनाचे झाड पाहिलेले नाही त्यांनी मुद्दाम पाहावे. त्याच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तडे असतात. गुळगुळीत सालीच्या झाडाचे नाव घेतले असते तर उपमा फसली असती.

(इ) श्लेष. ‘भाव’ हा शब्द वाक्यात एकदाच आला आहे, पण त्याचे दोन अर्थ लागतात : किंमत आणि माया. वरवर पाहता भाव पडला की बाजार सोडणार, असे आजी म्हणते. पण हे ती काकडांचे पैसे नाकारताना म्हणते, म्हणून दुसरा अर्थ जास्त जवळचा. दोन्ही अर्थ लिहिले तरच पूर्ण गुण.

प्रश्न ३. एकच ठरावीक उत्तर नाही. पहाटेची चढण, जळवा, हंगामाचा शेवटचा बाजार, यांपैकी किमान दोन गोष्टींचा उल्लेख हवा. ‘आईला दया आली’ एवढ्यावर थांबू नका. आजी दया मागत नाही, ती आपल्या कष्टाचा हिशेब सांगते. आईला तो हिशेब पटला, की ती शरमली, की शेवळे पुन्हा मिळणार नाहीत म्हणून तिने घेतली? तुम्हाला जे वाटते ते ठामपणे लिहा आणि आजीचे एक वाक्य अवतरणचिन्हांत देऊन त्याला जोडा.