आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स स्पर्धेसाठी प्रायोजकत्वाची विनंती

वडोदरा,
दि. 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. श्री. शिर्के,
संगणक व यूपीएस विक्रेते,
दांडिया बाजार, वडोदरा

विषय : 10 व 11 जानेवारी 2026 रोजी होणाऱ्या स्पर्धेसाठी आर्थिक साहाय्य व साहित्य मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल आपल्याच दुकानातून होत असल्याने तेथील यंत्रे आपल्या परिचयाची आहेत. त्याच प्रयोगशाळेत उत्तरायणाच्या आधीच्या शनिवार-रविवारी आमचे गेमिंग मंडळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवत आहे. वडोदरा, आणंद, वल्लभ विद्यानगर आणि सुरत येथील महाविद्यालयांना आम्ही निमंत्रणे पाठवली असून व्हॅलोरंट या खेळासाठी पाच खेळाडूंचे 16 आणि बीजीएमआय या मोबाइलवरील खेळासाठी चार खेळाडूंचे 16 संघ, म्हणजे एकूण 144 विद्यार्थी घेण्याची आमची तयारी आहे.

गेमिंग म्हटले की जुगाराची शंका अनेक पालकांच्या आणि व्यावसायिकांच्या मनात येते, आणि ती रास्तही आहे. म्हणून हा मुद्दा आधीच स्पष्ट करते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सना स्वतंत्र खेळ म्हणून मान्यता दिली. अशा स्पर्धेत नोंदणी शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस चालते. पैज किंवा सट्टा मात्र कोणत्याही रूपात चालत नाही. प्रत्येक खेळाडूकडून आम्ही 200 रुपये घेणार आहोत आणि ती सगळी रक्कम व्यवस्थेवरच खर्च होईल. बक्षिसांत तिचा एक रुपयाही जाणार नाही.

आता नेमकी अडचण सांगते. व्हॅलोरंटच्या एका सामन्याला दहा यंत्रे एकाच वेळी लागतात. आमच्या यंत्रांची क्षमता पुरेशी आहे, परंतु मॉनिटर 60 हर्ट्झचे आहेत, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला 60 वेळा बदलते. या खेळाचा नियमित सराव करणारे संघ 144 हर्ट्झच्या पडद्यावर खेळतात आणि कोपऱ्यामागून अचानक समोर येणारा प्रतिस्पर्धी दिसण्यात हा फरक जाणवतो. त्याहून मोठी काळजी विजेची आहे. एका फेरीला साधारण शंभर सेकंद मिळतात. वीज क्षणभर गेली तरी यंत्र पुन्हा सुरू होऊन खेळाडू परत येईपर्यंत ती फेरी हातची गेलेली असते. महाविद्यालयाचा जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद घेतो आणि ती फट यूपीएसनेच भरून निघेल. दूरवरून आलेल्या संघाचा पराभव विजेमुळे होऊ नये, एवढी आमची मनापासूनची इच्छा आहे.

म्हणून आपणांस विनंती की 144 हर्ट्झचे दहा मॉनिटर आणि दहा यूपीएस दोन दिवसांसाठी वापरायला द्यावेत. सर्व साहित्य शुक्रवारी सायंकाळी आपल्या माणसाच्या देखत मोजून घेऊ आणि सोमवारी सकाळी तसेच मोजून परत करू. तुटफूट झाल्यास तिची भरपाई मंडळ करील, असे पत्र प्राचार्यांच्या सहीने देण्यात येईल.

स्पर्धेचा एकूण खर्च 1,10,000 रुपये आहे. त्यापैकी 45,000 रुपये बक्षिसांचे. उरलेला भाग भोजन, दुसरी इंटरनेट जोडणी, प्रक्षेपण, जनरेटरचे डिझेल, चषक आणि प्रमाणपत्रांचा. महाविद्यालय 30,000 रुपये देत आहे, नोंदणीतून 28,800 रुपये आणि माजी विद्यार्थ्यांकडून 16,200 रुपये येतील. बक्षिसांसाठी कमी पडणारे 35,000 रुपये आपण द्यावेत, अशी विनंती आहे.

आपले नाव मुख्य प्रायोजक म्हणून फलकांवर, प्रमाणपत्रांवर आणि यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणात दोन्ही दिवस राहील, तसेच प्रयोगशाळेबाहेर आपल्याला विक्रीचे टेबल मांडता येईल. प्रेक्षक किती येतील याचा आकडा आम्ही सांगणार नाही, कारण तो आमच्या हाती नाही. मात्र येणारे 144 खेळाडू मॉनिटर, माउस आणि ग्राफिक्स कार्ड पारखून विकत घेणारे आहेत, हे खात्रीने सांगता येते.

आपल्या शहराला स्पर्धांचे वळण जुनेच आहे. हुतूतूचे नियम एकसारखे करून 1923 साली अखिल भारतीय स्पर्धा भरली ती बडोद्यातच. ई-स्पोर्ट्समध्येही गुजरात मागे नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ प्रदर्शनीय असताना भुजच्या तीर्थ मेहता याने हर्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवले. असे खेळाडू आमच्याही महाविद्यालयांत असू शकतात, परंतु त्यांना समोरासमोर बसून खेळायला जागा मिळत नाही.

आपली अनुमती असल्यास 1 डिसेंबरनंतर आपल्याला सोयीच्या कोणत्याही सायंकाळी मी व मंडळाचे खजिनदार अंदाजपत्रक आणि प्राचार्यांचे परवानगीपत्र घेऊन दुकानात भेटायला येऊ. फलक 20 डिसेंबरला छपाईला जाणार असल्याने आपला निर्णय तत्पूर्वी कळावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
सानिका घोरपडे
सचिव, गेमिंग मंडळ
संगणक अभियांत्रिकी विभाग

सोबत : अंदाजपत्रक व सामन्यांचे वेळापत्रक