विषय: स्वागत! सोमवार, १ जून रोजी रुजू होण्याबाबत

नमस्कार स्नेहल,

क्वालिटी विभागात तुमचं मनापासून स्वागत.

सोमवारी सकाळी ८:३० ला गेट क्र. २ वर या. पासला १५ मिनिटं लागतात आणि ९ ला सुरक्षा प्रशिक्षण सुरू होतं. चाकण चौकात गाड्या तुंबतात, त्यामुळे घरून लवकर निघा.

मूळ आधार व पॅन, दोन्हींच्या प्रती, रद्द केलेला चेक, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, यूएएन क्रमांक आणि २ फोटो आणा. आधार-पॅनवरचं नाव आजच ताडून पाहा. स्पेलिंग वेगळं असलं की पीएफचं काम अडतं. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान चालेल.

सेफ्टी शूज आम्ही देऊ. मात्र चप्पल घालून शॉपफ्लोअरवर सोडत नाहीत.

गेटवर अडचण आली तर एक्स्टेन्शन २१४ वर मला बोलवा. कामाबद्दल तुमचे वरिष्ठ महेश सर, २३१.

वैशाली
मनुष्यबळ विभाग