अकाउंट्स असिस्टंट इंटरव्ह्यू: फोटोंमधले प्रश्न, गट पाडून

पल्लवी, तू क्लासच्या प्रश्नसंचाचे पाठवलेले फोटो पाहिले. अर्धे प्रश्न तेच ते, नुसते शब्द फिरवून छापलेले, म्हणून एकत्र करून मुद्दे टाकून राहिलो. अंगठा आलेल्या पानावरचे दोन वाचताच नाही आले, ते सोडले.

स्वतःबद्दल (ओळख, आमच्याकडेच का, बुटीबोरीला रोज जमेल का)
सीएंच्या ऑफिसातलं काम आधी सांग, शाळा-कॉलेज नंतर. "मी हार्डवर्किंग आहे" नको ना बाप्पा, "पर्चेसच्या एन्ट्री अन् बँक रिको मी करायची" असं म्हण. बुटीबोरीचं विचारतीलच कारण पोरं लांब पडते म्हणून सोडून जातात. खापरीपर्यंत मेट्रो, पुढे कंपनीची बस आहे का ते तूच विचार, म्हणजे खरंच येणार आहे असं वाटते.

बेसिक
माल सप्लायरला परत केला की आपण डेबिट नोट देतो, गिऱ्हाइकानं आपल्याला परत केला की क्रेडिट नोट. बँक रिकोत फरक काहून येतो: दिलेला चेक अजून वटला नाही, भरलेला जमा व्हायचा आहे, बँकेनं कापलेले चार्जेस आपल्या बुकात नाही. डेप्रिसिएशनची एका ओळीत व्याख्या पुरे.

जीएसटी (सगळ्यात जास्त प्रश्न इथलेच, इथंच वेळ दे)
- नागपूरहून अमरावतीला विक्री: सीजीएसटी अन् एसजीएसटी. रायपूरला: आयजीएसटी, कारण राज्य बदललं. उदाहरण देऊनच सांग.
- महिन्यावाल्यांची जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, ३बी २० पर्यंत.
- इनपुट क्रेडिट कधी मिळते: बिल हातात, माल आलेला, अन् सप्लायरनं रिटर्नमध्ये दाखवल्यामुळे आपल्या २बी मध्ये दिसते. सप्लायरला १८० दिवसांत पैसे नाही दिले तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागते, हा मुद्दा बरेच जण विसरतात, तू आपणहून बोल.
- "२बी मध्ये बिल नाही दिसलं तर?" सप्लायरला फोन-मेल, आपल्याकडे यादी, तोवर क्रेडिट घ्यायचं नाही.
- ई-वे बिल: राज्याबाहेर माल चालला अन् किंमत ५०,००० च्या वर.

टीडीएस
कापलेला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. एवढंच.

अडचणीचे
"साहेबांनी मागच्या तारखेचं बिल टाकायला सांगितलं तर?" क्लासच्या पुस्तकात लिहिलंय "वरिष्ठांचं ऐकेन", ते बिलकुल नको बोलू. तारीख बदलली तर रिटर्न अन् बुक जुळणार नाही, नोटीस आली तर कंपनीलाच त्रास, हे शांतपणे साहेबांना सांगेन अन् बिल खऱ्या तारखेलाच टाकेन, असं म्हण. आवाज चढवू नको. एकच बिल दोनदा आलं तर? नंबर, तारीख अन् सप्लायरचा जीएसटी नंबर ताडून बघेन, मगच पेमेंटला पाठवेन.

पगार
आधी काम काय-काय आहे ते विचार, मग आकडा. हातात किती अन् पीएफ कापून किती, हे वेगवेगळं विचारायला लाजू नको.

जीएसटीचा गट झाला की फोन कर, मी उलटेसुलटे प्रश्न विचारतो.