व्हर्नियर हातात घेण्याआधी: लीस्ट काउंट, रीडिंग आणि झीरो एरर
(नवीन अप्रेंटिस बॅचसाठी, टूल रूम, भोसरी)

मंडळी, हा कागद घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवा, तेल लागलं तरी चालेल. आयटीआयमध्ये व्हर्नियर सगळ्यांनी शिकलाय, परीक्षेत आकृतीही काढलीय, पण मागच्या बॅचला पहिल्या दिवशी एकच पिन मोजायला दिली तर सात जणांची पाच वेगवेगळी रीडिंग आली. पिन एकच, व्हर्नियर पण एकच. म्हणून परत पहिल्यापासून.

आधी लीस्ट काउंट. तुमच्या व्हर्नियरवर सगळ्यात लहान किती माप वाचता येतं ते, पुस्तकात लघुत्तम माप म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक व्हर्नियर ५० भागांचे आहेत. मेन स्केलचा एक भाग १ एमएमचा, आणि सरकत्या पट्टीवर ४९ एमएमच्या लांबीत ५० भाग पाडलेत, म्हणजे तिथला एक भाग ४९ भागिले ५०, म्हणजे ०.९८ एमएम. दोघांतला फरक,

१ − ०.९८ = ०.०२ एमएम

हाच लीस्ट काउंट, शॉपच्या भाषेत वीस मायक्रॉन. विश्वास बसत नसेल तर जॉ पूर्ण बंद करा आणि व्हर्नियरची शेवटची रेघ कुठे येते बघा, मेन स्केलच्या ४९ वर येईल. पटकन काढायचा असेल तर मेन स्केलचा एक भाग भागिले व्हर्नियरवरचे एकूण भाग, १ भागिले ५०. स्टोअरमध्ये दोन जुने २० भागांचे पण पडलेत, त्यांचा ०.०५. त्यातल्या एकावर २० भाग १९ एमएममध्ये नाहीत तर ३९ एमएममध्ये आहेत, वाचायला सोपं जावं म्हणून रेघा लांब लांब केल्यात. तिथे वजाबाकी मेन स्केलच्या दोन भागांमधून करायची, २ − १.९५, उत्तर ०.०५ च. शाळेतला १० भागांचा असायचा, ०.१ वाला, तो इथे कुठेच नाही. सरकत्या पट्टीवर लीस्ट काउंट छापलेला असतो, नवा व्हर्नियर हातात आला की आधी तिथे बघायचं, मग बाकी.

हो, वरच्या बाजूला इंचाचं स्केल असतं, तिथे नजर जाऊ देऊ नका. आपली सगळी ड्रॉइंग एमएममध्ये आहेत. जुने मिस्त्री सूत आणि थाऊ बोलतात, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ एमएम, तेवढं माहीत असू द्या म्हणजे ते काय बोलतात ते कळेल.

आता रीडिंग. व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या कुठल्या रेघेच्या पुढे गेलाय ते बघा, ते पूर्ण एमएम. व्हर्नियरचा शून्य, सरकत्या पट्टीची कड नाही, कडेवरून वाचणारा दर वर्षी एक तरी निघतोच. काही व्हर्नियरवर मेन स्केलला १०, २०, ३० असे आकडे असतात आणि काहींवर नुसते १, २, ३ असतात, ते सेंटीमीटर, तिथे २ म्हणजे २० एमएम. मग व्हर्नियरची कुठली रेघ मेन स्केलच्या कुठल्याही रेघेशी एकदम सरळ जुळते ते शोधा, ती कितवी आहे त्याला ०.०२ ने गुणा आणि मिळवा.

समजा शून्य २४ च्या पुढे आहे आणि १७ वी रेघ जुळतेय. १७ × ०.०२ = ०.३४. माप २४.३४.

इथेच निम्मी पोरं गडबडतात, कारण व्हर्नियरवर १७ लिहिलेलं कुठेच नसतं, तिथे ०, १, २, ३ करत १० पर्यंत आकडे असतात आणि दोन आकड्यांमध्ये पाच भाग. तो छापलेला आकडा म्हणजे थेट दशांश, ३ म्हणजे ०.३. त्याच्यापुढे दोन रेघा म्हणजे अजून ०.०४. झालं ०.३४, गुणाकार करायची गरजच नाही. पण काही जण छापलेला ३ घेतात आणि त्यालाच ०.०२ ने गुणतात, ०.०६ काढतात आणि माप सांगतात २४.०६. पाव एमएमपेक्षा जास्त गेलं ना राव! म्हणून एकतर छापलेल्या आकड्यावरून वाचा नाहीतर रेघा मोजून गुणा, दोन्हीची खिचडी करू नका. मला विचाराल तर आकड्यावरूनच, रेघा मोजताना डोळा घसरतो.

एक फुकटची तपासणी सांगतो, ०.०२ वाल्या व्हर्नियरचं रीडिंग कायम सम आकड्यावर संपतं. कोणी २४.३५ लिहून आणलं की न बघता परत पाठवतो मी.

दुसरी गडबड जरा चोरटी आहे. शून्य २५ च्या रेघेवरच बसलाय असं वाटतं, आणि जुळते ४९ वी रेघ. पोरगं लिहितं २५.९८. अरे, ०.९८ असेल तर शून्य २६ च्या जवळ दिसायला हवा होता की, तो तर २५ ला चिकटलाय. म्हणजे शून्य अजून २५ पर्यंत पोचलाच नाही, पूर्ण एमएम २४ च, माप २४.९८. आकडा लिहिण्याआधी शून्य कुठल्या रेघेच्या जवळ आहे ते नुसत्या डोळ्यांनी एकदा बघून घ्यायचं, एक एमएमची चूक तिथेच सापडते.

बघताना डोळा रेघेच्या बरोबर समोर. सरकती पट्टी मेन स्केलच्या थोडी वर असते, त्यामुळे तिरकं बघितलं की शेजारची रेघ जुळल्यासारखी दिसते. दोन रेघा सारख्याच जुळतायत असं वाटलं तर दोन्हीकडच्या बाजूच्या रेघा बघा, खरी जुळलेली रेघ मधोमध असते आणि तिच्या दोन्ही बाजूला फरक सारखा वाढत जातो.

धरायचं कसं, तेही थोडक्यात. जॉब जॉच्या टोकाला नाही, आत, पट्टीच्या जवळ धरायचा, कारण स्केल एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत असतो, टोकाला धरून दाबलं की सरकता जॉ किंचित तिरका होतो आणि रीडिंग कमी येतं. अंगठ्याने हलकं लावायचं, लॉक स्क्रू घट्ट करायचा, मग वाचायचं. व्हर्नियर म्हणजे पक्कड नाही. बोअर मोजताना थोडं हलवून सगळ्यात मोठं रीडिंग घ्या, स्लॉटला सगळ्यात लहान. आणि चक फिरत असताना मोजायचं नाही म्हणजे नाही, घाई कितीही असो, बोटं परत येत नाहीत. लेथवरून नुकताच उतरवलेला गरम जॉब पण नको, १०० एमएम व्यासाचा स्टीलचा जॉब ३० डिग्रीने गरम असला तर साधारण ०.०३ ने मोठा भरतो, आणि चहा पिऊन आल्यावर तोच जॉब अंडरसाइज निघतो.

आता झीरो एरर. खरं तर ह्याच्यासाठीच हा सगळा कागद लिहायला घेतला.

माझं अप्रेंटिसचं पहिलं वर्ष. ३२ एमएमचं बाहेरचं माप, प्लस मायनस ०.०५, साठ बुश. मी प्रत्येक बुश बरोबर ३२.०० वर आणला, मनात म्हटलं वा काय हात बसलाय. क्यूसीमध्ये सगळे ३१.९२ निघाले. व्हर्नियर बंद केल्यावर ०.०८ दाखवत होता आणि मी सकाळी तो एकदाही बंद करून बघितला नव्हता. ओव्हरसाइज असते तर परत एक कट मारला असता, कमी झालेलं मटेरियल कोण परत चिकटवणार? साठच्या साठ स्क्रॅपच्या डब्यात.

तर, सकाळी पहिलं काम, जॉ स्वच्छ कापडाने पुसा. कॉटन वेस्टने नको, धागे राहतात. हलकं बंद करा आणि दोन्ही शून्य बघा. समोरासमोर असतील तर झीरो एरर नाही, कामाला लागा.

व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर एरर प्लस. रेघ नेहमीसारखीच वाचायची, समजा ३ री जुळते, तर एरर +०.०६. व्हर्नियर काही न धरताच ०.०६ दाखवतोय म्हणजे प्रत्येक जॉबला तेवढं जास्त दाखवणार, म्हणून रीडिंगमधून वजा करा. ३२.०८ वाचलं तर खरं माप ३२.०२. बघा, हा जॉब पास आहे आणि तुम्ही उगाच अजून एक कट मारणार होता.

शून्य डावीकडे गेला असेल तर एरर मायनस, आणि इथे रेघ उलटीकडून मोजायची. समजा ४७ वी रेघ जुळते. एरर ०.९४ नाही हं. ५० − ४७ = ३, ३ × ०.०२ = ०.०६, एरर −०.०६. हा व्हर्नियर तेवढं कमी दाखवतो म्हणून मिळवायचं. ३२.०२ वाचलं तर खरं ३२.०८, म्हणजे मघाशी पास वाटलेला जॉब आता ओव्हरसाइज.

दोन्हीला नियम एकच,

खरं माप = रीडिंग − झीरो एरर

चिन्हासकट घाला, मायनस मायनस प्लस होतं. चिन्हात गोंधळ झाला तर नियम सोडा आणि नुसतं विचारा, हा व्हर्नियर जास्त दाखवतो की कमी, जास्त दाखवत असेल तर काढा, कमी दाखवत असेल तर घाला.

आणि एरर दिसला की लगेच वजाबाकी करत बसू नका, आधी तो आला कुठून ते बघा. प्लस असेल तर बहुतेक वेळा जॉमध्ये चिप, बर नाहीतर वाळलेलं कूलंट असतं, पुसून परत बंद करा, नव्वद टक्के वेळा तिथेच मिटतं (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठे कोट करू नका). मायनस असेल तर जॉ झिजलेले असतात, जास्त आत बंद होतात. तेव्हा बंद जॉ ट्यूबलाइटसमोर धरा. सगळीकडे सारखा काळोख असेल तर करेक्शन चालेल. टोकाशी उजेड दिसतोय आणि आत नाही, किंवा उलट, तर जॉ एकसारखे झिजलेले नाहीत आणि मग कुठलंही करेक्शन कामाचं नाही, तो व्हर्नियर टूल रूमला जमा करा. खाली पडलेला पण जमा करा, पडला हे सांगितल्याबद्दल इथे कोणाला ओरडा बसलेला नाही, लपवल्याबद्दल बसलाय.

अजून एक, बाहेरच्या जॉचा एरर आतल्या जॉला किंवा डेप्थ रॉडला जसाच्या तसा लावू नका. बाहेरचे जॉ झिजले म्हणून आतले झिजलेच असं नसतं. आतले जॉ रिंग गेजवर तपासा आणि डेप्थ सरफेस प्लेटवर टेकवून.

आणि जे व्हर्नियरचं कामच नाही ते त्याच्याकडून करून घेऊ नका. ६२०५ बेअरिंगची २५ एमएमची सीट, के ६ फिट, म्हणजे +०.००२ ते +०.०१५. सगळी टॉलरन्स मिळून १३ मायक्रॉन, आणि आपला लीस्ट काउंट २०. तिथे मायक्रोमीटर घ्या, तोही ०.००१ वाला.

आता हे करून बघा, चारही ५० भागांच्या व्हर्नियरवरचे.

पहिला, पूर्ण १७, रेघ ८ वी, बंद केल्यावर शून्य उजवीकडे आणि २ री रेघ जुळते.
दुसरा, पूर्ण ५६, रेघ ४१ वी, बंद केल्यावर शून्य डावीकडे आणि ४८ वी जुळते.
तिसरा, शून्य ४० वर बसल्यासारखा दिसतो, जुळते ४८ वी, झीरो एरर नाही.
चौथा, पूर्ण ८, रेघ १ ली, बंद केल्यावर शून्य उजवीकडे आणि ४ थी जुळते.

उत्तरं १७.१२, ५६.८६, ३९.९६ आणि ७.९४. चौथ्यात ८.०२ मधून ०.०८ गेल्यावर माप ८ च्या खाली येतं, दचकू नका, बरोबर आहे.

उद्यापासून जॉब कार्डवर पहिल्या जॉबच्या आधी व्हर्नियरचा नंबर आणि झीरो एरर लिहायचा, शून्य असला तरी ०.०० लिहायचा, जागा कोरी दिसली की कार्ड परत येईल. सोमवारी साडेआठला सगळे टूल रूमच्या बेंचवर या, २० एमएमचा स्लिप गेज ठेवतो, प्रत्येकाने आपापल्या व्हर्नियरने मोजायचा आणि न बोलता रजिस्टरमध्ये लिहायचा. शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर मला कळतं, कारण दोन व्हर्नियरना मी मुद्दाम झीरो एरर ठेवलेला असेल.