सीना नदीवरील खैरवाडी–बोरखेडे पूल : अवजड वाहतूक मनाई अधिसूचनेचा मराठी पाठ

टिपणी

विषय : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खालील अधिसूचनेचा मराठी मसुदा.

सादर,

गृह शाखेकडून आलेल्या इंग्रजी अधिसूचनेचा मराठी मसुदा सोबत आहे. मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार असल्याने राजपत्रातील प्रसिद्धी आवश्यक आहे. केवळ स्थानिक प्रसिद्धीवर भागणार नाही. मान्यतेपूर्वी पुढील बाबी पाहाव्यात.

इंग्रजी पाठात काही ठिकाणी ‘मोटार वाहने’ तर काही ठिकाणी नुसते ‘वाहने’ असे आहे. मराठीत सर्वत्र ‘मोटार वाहने’ घेतले आहे. सध्या उसाचा हंगाम आहे आणि या पुलावरून बैलगाड्याही जातात. ‘वाहने’ ठेवल्यास बैलगाडी मनाईत येते, पण कलम ११५ चा अधिकार मोटार वाहने आणि त्यांना जोडलेली अनुयाने यांच्यापुरताच आहे. अशी अधिसूचना पहिल्याच आक्षेपाला टिकणार नाही. बैलगाड्यांवर निर्बंध हवा असल्यास तो वेगळ्या अधिकाराखाली घालावा लागेल.

वजनाच्या शब्दरचनेवर नाक्यावर सर्वाधिक वाद होतात. ‘१२,००० किलोग्रॅम व त्याहून अधिक’ असे लिहिले तर नोंदणीत नेमके १२,००० किलोग्रॅम असलेले मध्यम मालवाहनही अडते. मूळ पाठात ते अडवायचे नाही. म्हणून ‘१२,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक’ असे घेतले आहे. आधीच्या एका कच्च्या मसुद्यात ‘मालासह वजन’ असा शब्दप्रयोग होता, तो काढला आहे. अधिनियमातील व्याख्येप्रमाणे एकूण वजन म्हणजे नोंदणी प्राधिकाऱ्याने अनुज्ञेय म्हणून प्रमाणित केलेले वजन, प्रत्यक्ष भरलेला माल नव्हे. ‘मालासह’ शब्द राहिला असता तर प्रत्येक रिकामा ट्रक ‘साहेब, गाडी मोकळी आहे’ म्हणत पुलावर आला असता. स्पष्टीकरण (अ) त्यासाठीच आहे.

मुख्य आदेशाचे वाक्य लांब आहे, तरी ते तोडलेले नाही. अधिकाराचा उल्लेख, कालावधी, ठिकाण आणि मनाई ही सर्व एकाच क्रियापदावर टेकलेली असतात. तुकडे केले की कालावधी कोणत्या तुकड्याला लागू आहे, हा प्रश्न उभा राहतो. पोटपरिच्छेद मात्र सुटसुटीत केले आहेत.

बंधनकारक कर्तव्यासाठी ‘करील’, ‘लावील’ आणि स्वेच्छाधिकारासाठी ‘करू शकेल’ अशी रूपे ठेवली आहेत. पत्रव्यवहारातील ‘करावे’, ‘कार्यवाही व्हावी’ ही रूपे टाळली आहेत. अधिसूचनेत ती विनंतीसारखी वाचली जातात. ‘अनुयान’ हा शब्द कायद्याचा असला तरी चालकाला ‘ट्रॉली’च कळते, म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही दिले आहेत.

दंडाची रक्कम मुद्दाम घातलेली नाही. अधिनियमात ती बदलली की अधिसूचनेतील आकडा चुकीचा ठरतो. कलमाचा उल्लेख पुरेसा आहे.

इंग्रजी पाठाच्या अनुसूची दोनमध्ये पर्यायी मार्गाची एकूण लांबी २४.५ कि.मी. छापली होती. टप्प्यांची बेरीज २५.४ कि.मी. येते. भाषांतरात परस्पर दुरुस्ती करणे योग्य नसल्याने कार्यकारी अभियंता यांच्या कार्यालयाकडून खात्री करून घेतली. २५.४ हाच आकडा बरोबर असून इंग्रजी प्रतीतही तो दुरुस्त केला आहे. दोन्ही पाठ एकाच अंकात छापण्यास पाठवावेत आणि मुद्रितशोधन करताना आकडे समोरासमोर ठेवून तपासावेत.

मान्यतेस्तव सादर.

भाषांतरकार, गृह शाखा

(मसुदा)

महाराष्ट्र शासन राजपत्र
असाधारण
सोमवार, नोव्हेंबर १०, २०२५ / कार्तिक १९, शके १९४७

जिल्हादंडाधिकारी, सोलापूर यांचे कार्यालय
दिनांक १० नोव्हेंबर, २०२५

अधिसूचना

मोटार वाहन अधिनियम, १९८८.

क्रमांक गृह/वाहतूक/कावि-२१७/२०२५.— ज्याअर्थी, माढा तालुक्यातील प्रमुख जिल्हा मार्ग क्रमांक १४२ वर, कि.मी. १७/४०० ते १७/५२० या लांबीत, सीना नदीवर मौजे खैरवाडी व मौजे बोरखेडे यांना जोडणारा, प्रत्येकी १५ मीटरचे ८ गाळे असलेला पूल (यात यापुढे ज्याचा निर्देश “उक्त पूल” असा करण्यात आला आहे) अस्तित्वात आहे;

आणि ज्याअर्थी, सप्टेंबर, २०२५ मधील पुरामध्ये उक्त पुलाच्या खांब क्रमांक ३ व ४ यांच्या पायालगतची माती व दगडी भराव वाहून गेला असून खांब क्रमांक ४ वरील दोन बेअरिंग आपल्या जागेवरून सरकले आहेत, असे कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी पाहणीअंती कळविले आहे;

आणि ज्याअर्थी, दुरुस्तीचे काम पूर्ण होईपर्यंत उक्त पुलावरून अवजड वाहतूक चालू ठेवणे सार्वजनिक सुरक्षिततेस धोकादायक आहे आणि ऊस गाळप हंगामात अशा वाहतुकीत मोठी वाढ होते, याबाबत निम्नस्वाक्षरीकाराची खात्री पटली आहे;

त्याअर्थी, आता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ (१९८८ चा ५९) (यात यापुढे ज्याचा निर्देश “उक्त अधिनियम” असा करण्यात आला आहे) याच्या कलम ११५ द्वारे प्रदान करण्यात आलेल्या आणि महाराष्ट्र शासनाने त्याबाबत प्राधिकृत केल्यानुसार वापरण्याजोग्या अधिकारांचा वापर करून, मी, जिल्हादंडाधिकारी, सोलापूर, याद्वारे, यासोबत जोडलेल्या अनुसूची एकमध्ये विनिर्दिष्ट केलेली मोटार वाहने उक्त पुलावरून कोणत्याही दिशेने चालविण्यास व त्या अनुसूचीत विनिर्दिष्ट केलेल्या अनुयानांचा, अर्थात ट्रॉलींचा, उक्त पुलावर वापर करण्यास, दिनांक १६ नोव्हेंबर, २०२५ रोजी ००.०० वाजल्यापासून दिनांक ३१ मे, २०२६ रोजी २४.०० वाजेपर्यंत, पुढील अपवाद व शर्ती यांच्या अधीन राहून, मनाई करीत आहे :—

१. अपवाद.— ही मनाई पुढील मोटार वाहनांना लागू असणार नाही :—

(क) आग विझविण्यासाठी किंवा बचावकार्यासाठी जात असलेले, एकूण वजन १६,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेले अग्निशमन वाहन;

(ख) उक्त पुलाच्या दुरुस्तीसाठी आवश्यक असलेले आणि कार्यकारी अभियंता याने लेखी परवानगी दिलेले मोटार वाहन :

परंतु, खंड (क) व (ख) यांखालील कोणतेही मोटार वाहन उक्त पुलावरून ताशी १० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने चालविता येणार नाही आणि असे वाहन पुलावर असताना अन्य कोणतेही मोटार वाहन पुलावर आणता येणार नाही :

परंतु आणखी असे की, खंड (ख) खालील परवानगी एका वेळी सात दिवसांपेक्षा अधिक कालावधीसाठी देता येणार नाही.

२. पर्यायी मार्ग.— मनाई असलेल्या मोटार वाहनांची वाहतूक अनुसूची दोनमध्ये दर्शविलेल्या मार्गाने वळविण्यात येईल. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, त्याच्या ज्या बसगाड्या अनुसूची एकमध्ये मोडतात, त्यांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक त्यानुसार बदलील व ते बसस्थानकांवर प्रदर्शित करील.

३. वाहतूक चिन्हे.— कार्यकारी अभियंता, दिनांक १५ नोव्हेंबर, २०२५ पर्यंत, उक्त अधिनियमाच्या कलम ११६ खालील भारमर्यादा दर्शविणारी चिन्हे पुलाच्या दोन्ही टोकांना व पर्यायी मार्गाकडे वळण्याच्या दोन्ही फाट्यांच्या अलीकडे २०० मीटर अंतरावर लावील. चिन्हे परावर्तक पृष्ठभागाची असतील आणि त्याखाली मराठीत “पूल नादुरुस्त – १२ टनांवरील वाहनांस मनाई” असा फलक असेल. पुलाच्या दोन्ही टोकांना रात्री पुरेसा उजेड राहील, अशी व्यवस्था कार्यकारी अभियंता करील.

४. अंमलबजावणी.— पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण, ऊस गाळप हंगाम संपेपर्यंत पुलाच्या दोन्ही टोकांना रात्रंदिवस तपासणी नाका ठेवील. वजनाबाबत शंका असल्यास नाक्यावरील अधिकारी नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजन ग्राह्य धरील.

५. साखर कारखान्यांना सूचना.— तहसीलदार, माढा, या अधिसूचनेची प्रत परिसरातील साखर कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांना पोहोच घेऊन देईल. कारखाने ऊसतोड व वाहतूक ठेकेदारांना पर्यायी मार्गाची माहिती लेखी देतील.

६. शास्ती.— या अधिसूचनेचे उल्लंघन करून मोटार वाहन चालविणारी किंवा तसे चालविण्यास लावणारी अथवा मुभा देणारी कोणतीही व्यक्ती उक्त अधिनियमाच्या कलम १९४ अन्वये शिक्षेस पात्र असेल.

७. मुदतपूर्व समाप्ती.— दुरुस्ती पूर्ण होऊन उक्त पूल अवजड वाहतुकीस सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र कार्यकारी अभियंता याने दिल्यास, निम्नस्वाक्षरीकार अधिसूचनेद्वारे ही मनाई मुदतीपूर्वी पूर्णतः किंवा अंशतः रद्द करू शकेल.

अनुसूची एक
(मनाई असलेली मोटार वाहने व अनुयाने)

(१) एकूण वजन १२,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक असलेले कोणतेही मालवाहन किंवा प्रवासी मोटार वाहन.

(२) एकापेक्षा अधिक अनुयाने जोडलेला ट्रॅक्टर, त्याचे व अनुयानांचे वजन कितीही असले तरी.

(३) एक अनुयान जोडलेला असा ट्रॅक्टर, ज्याचे व अनुयानाचे मिळून वजन १२,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक आहे.

स्पष्टीकरण.— (अ) नोंद (१) व परिच्छेद १ यांच्या प्रयोजनार्थ “एकूण वजन” याचा अर्थ उक्त अधिनियमाच्या कलम २ मध्ये त्यास नेमून दिलेला अर्थ असेल. वाहन प्रत्यक्षात रिकामे आहे किंवा कमी माल भरलेले आहे, ही गोष्ट विचारात घेतली जाणार नाही.

(ब) नोंद (३) च्या प्रयोजनार्थ, ट्रॅक्टर व अनुयान यांच्या नोंदणी प्रमाणपत्रांतील अनुज्ञेय वजनांची बेरीज विचारात घेतली जाईल.

अनुसूची दोन
(पर्यायी मार्ग)

खैरवाडी ते लिंबोणी फाटा ९.२ कि.मी.; लिंबोणी फाटा ते धनगरमळा चौफुला, सीना नदीवरील मोठ्या पुलावरून, ११.६ कि.मी.; धनगरमळा चौफुला ते बोरखेडे ४.६ कि.मी.; एकूण २५.४ कि.मी. परतीची वाहतूक याच मार्गाने उलट दिशेने होईल.

जिल्हादंडाधिकारी,
सोलापूर.

प्रत, माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी :—

पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण;
प्रादेशिक परिवहन अधिकारी, सोलापूर;
कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग;
विभाग नियंत्रक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, सोलापूर;
तहसीलदार, माढा;
जिल्हा माहिती अधिकारी, सोलापूर (स्थानिक वृत्तपत्रांत विनामूल्य प्रसिद्धीसाठी);
सरपंच, ग्रामपंचायत खैरवाडी व ग्रामपंचायत बोरखेडे (सूचना फलकावर लावण्यासाठी व दवंडीद्वारे प्रसिद्धीसाठी);
निवड नस्ती.