विषय: शनिवारचा हेअरकट ठरल्यापेक्षा बराच आखूड झाला आहे, दुरुस्तीसाठी वेळ हवी

नमस्कार मॅडम,

शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या अपॉइंटमेंटला मी आपल्या कोथरूडच्या सलूनमध्ये केस कापून घेतले. खांद्याखाली येतील इतकी लांबी ठेवून फक्त दोन इंच ट्रिम आणि लांब लेअर्स, असं सुरुवातीलाच ठरलं होतं; मोबाइलवर फोटोही दाखवला होता. प्रत्यक्षात केस हनुवटीपर्यंत आले आहेत. ओले असताना अंदाज आला नाही, ब्लो ड्राय झाल्यावर कळलं. तेव्हा काउंटरवर गर्दी होती, म्हणून तिथे विषय काढला नाही.

कापलेले केस परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ अर्धा इंच लांब आहे आणि मागचे लेअर्स पायऱ्यांसारखे दिसतात. एखाद्या सीनिअर स्टायलिस्टकडून, लांबी आणखी कमी न करता, जमेल तेवढं हे सारखं करून मिळेल का? येत्या रविवारी घरात भाच्याची मुंज आहे. अंबाडा तर आता विसरायलाच हवा, निदान मोकळे केस नीट दिसावेत. बुधवारी किंवा गुरुवारी सहानंतर मी येऊ शकते.

या दुरुस्तीचे वेगळे पैसे लागू नयेत, अशी अपेक्षा आहे. शनिवारच्या बिलातले काही पैसे परत देता येतील का, तेही कळवावं. बिल, दाखवलेला फोटो आणि आत्ताचे दोन फोटो सोबत जोडले आहेत.

केस कापणाऱ्या मुलीला यावरून बोलणी बसू नयेत, ती वागायला फार चांगली होती.

उद्यापर्यंत वेळ कळवलीत तर बरं होईल.

आपली,
मेधा