रात्रपाळीतील कारखान्याच्या आवाजाबाबत तक्रार अर्ज

दिनांक : 1 डिसेंबर 2025

प्रति,
मा. उप-प्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : औद्योगिक वसाहतीच्या पूर्व हद्दीवरील प्रेस शॉपचा रात्री 11 ते सकाळी 7 या पाळीतील आवाज, पूर्वसूचना न देता रात्रीच मोजणी करण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही औद्योगिक वसाहतीच्या पूर्व कुंपणासमोरच्या गृहनिर्माण संस्थेचे रहिवासी आहोत. दोन इमारती, 32 सदनिका. कारखान्याच्या कुंपणभिंतीपासून आमची ‘ब’ इमारत 38 मीटरवर आहे. मधला रस्ता धरून, टेप लावून मोजले आहे. कारखाना आमच्या आधीपासून तिथे आहे, हे आम्ही नाकारत नाही. आमच्यातल्या दोन घरांची चूल याच वसाहतीतल्या पगारावर पेटते. पण यंदा ऑगस्टमध्ये कुंपणाकडच्या बाजूला पत्र्याची नवी शेड उभी राहिली, तीत पॉवर प्रेस बसले आणि तिसरी पाळी सुरू झाली. आमची तक्रार त्यानंतरची आहे.

6 ऑक्टोबरला आम्ही चौघे व्यवस्थापकांना भेटलो, लेखी अर्जही दिला. त्याची पोच सोबत जोडली आहे. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, “आमची जागा औद्योगिक आहे, रात्री 70 डेसिबलची मुभा आहे.” मुभा आहे, खरे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मध्ये औद्योगिक क्षेत्रासाठी रात्री 70 हाच आकडा आहे. पण त्याच तक्त्यात निवासी क्षेत्रासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 आहे, आणि आवाज कुंपणापाशी थांबत नाही. आमच्या इमारती मंजूर निवासी भूखंडावर आहेत. रस्त्याच्या अलीकडे कोणती मर्यादा लागू होते, एवढाच वाद आहे, आणि तो आपल्या मोजणीनेच मिटेल.

खालच्या नोंदी ‘ब’ इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, एकाच मोबाइलमधल्या ॲपने घेतल्या आहेत. मध्यरात्रीनंतरची वेळ पुढच्या तारखेला धरली आहे. मोबाइल म्हणजे प्रमाणित ध्वनिमापक नव्हे, हे आम्हाला कळते. नेमका आकडा थोडा इकडेतिकडे असेल. पण फोन तोच, जागा तीच, तेव्हा एका रात्रीचा दुसऱ्या रात्रीशी असलेला फरक तरी खरा मानावा.

4 नोव्हेंबर, मंगळवार, रात्री 1.10 ते 2.05 : प्रेस चालू, शेडचे रस्त्याकडचे शटर पूर्ण वर. मिनिटाला 14 ठोके मोजले. ठोक्याला 64 ते 66, दोन ठोक्यांच्या मध्ये 57.

8 नोव्हेंबर, शनिवार, रात्री 12.40 : पत्र्याचे भंगार ट्रॉलीतून लोखंडी कंटेनरमध्ये ओतले. सहा मिनिटे, 74 पर्यंत. ‘अ’ इमारतीतले तान्हे मूल दचकून उठले ते पहाटेपर्यंत रडत होते. 112 वर फोन केला. 1.05 ला पोलीस आले, त्यांच्या सांगण्यावरून शटर खाली ओढले गेले आणि ठोका 55 वर आला. 1.40 ला शटर पुन्हा वर. या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे : नुसत्या शटरने सुमारे दहा डेसिबल कमी झाले. दहा डेसिबल म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहा पटींचा फरक. खर्च शून्य.

15 नोव्हेंबर, शनिवार, पहाटे 3.20 : कॉम्प्रेसरची हवा साधारण दर 40 सेकंदांनी सुटत होती. खिडकी लावली की ती फुस्स जवळजवळ ऐकू येईनाशी होते. ठोका मात्र तसाच राहतो. उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातले पाणी प्रत्येक ठोक्याला थरथरते, पेला खिडकीच्या गजाला टेकवला तर किणकिणतो. म्हणजे हा हादरा हवेतून नव्हे, जमिनीतून येत असावा. प्रेसच्या पायाखाली कंपनरोधक बसवले आहेत का, हे तपासावे. भिंत उंच करून हे थांबणार नाही.

19 नोव्हेंबर, बुधवार, पहाटे 2.15 ते 3.30 : वीज गेली होती. जनरेटर सलग 62. आमच्या गच्चीवरून त्याच्या ध्वनिरोधक कवचाचा एक दरवाजा उघडा दिसत होता; फोटो जोडला आहे. कवच बसवून त्याचे दार उघडे ठेवायचे, यात काय अर्थ आहे ते आम्हाला कळले नाही.

21 नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री 2.00 : गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीमुळे कारखाना बंद. 40. हायवेवरचे ट्रक आणि रातकिडे ऐकू येत होते. हेच रस्ते, हीच वसाहत, बाकीचे सगळे तसेच; बंद होती ती फक्त ही शेड.

26 नोव्हेंबर, बुधवार, रात्री 1.30 ते 2.30 : पुन्हा प्रेस, पुन्हा शटर वर. 63 ते 65.

बाकीच्या 17 रात्रींच्या नोंदी वहीच्या झेरॉक्समध्ये आहेत. तिथे एका आजींच्या हस्ताक्षरातली पाने दिसतील. त्यांना झोप लागत नाही म्हणून त्या ठोके मोजतात, आणि त्यांची मोजणी आमच्यापेक्षा काटेकोर आहे.

आमची विनंती अशी की मोजणी रात्री 1 ते 4 च्या दरम्यान व्हावी, गुरुवारची सुट्टीची रात्र सोडून, आणि कारखान्याला आधी न कळवता. दिवसा रस्त्यावरच्या वाहनांत हा आवाज बुडून जातो. मोजणी कुंपणापाशी करावीच, पण आमच्या बाजूलाही करावी. आणखी एक : मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीवर असते. सरासरी काढली की चार सेकंदांनी पडणारा ठोका पातळ होतो, पण माणूस उठतो तो ठोक्यानेच. म्हणून सरासरीबरोबर कमाल आकडाही अहवालात नोंदवावा.

त्याचबरोबर ही नवी शेड आणि प्रेस कारखान्याच्या संमतीपत्रात समाविष्ट आहेत का, आवाजाबाबतच्या अटी काय आहेत, हे पाहावे. मोजणी व त्यावरची कार्यवाही होईपर्यंत रात्री 10 ते 6 शटर खाली ठेवावे, भंगार ओतू नये आणि जनरेटरच्या कवचाची दारे बंद ठेवावीत, असे निर्देश द्यावेत. कारखाना बंद करा अशी आमची मागणी नाही. प्रेस दिवसाच्या दोन पाळ्यांत चालवले तर आमच्यापैकी कोणी अर्ज घेऊन येणार नाही. मोजणी अहवालाची प्रत आम्हाला मिळावी.

सोबत : नोंदवहीची झेरॉक्स, व्यवस्थापकांना दिलेल्या अर्जाची पोच, जनरेटरचा फोटो, जागेचा हाताने काढलेला नकाशा, चार व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह, आणि 29 कुटुंबांच्या सदनिका क्रमांकासह सह्या. उरलेल्या तीन सदनिका रिकाम्या आहेत.

आपले अधिकारी येतील तेव्हा मागचे फाटक बंद असेल. पुढच्या फाटकावर रात्रभर पहारेकरी असतो, गच्चीची चावी त्याच्याकडेच ठेवली आहे. आम्हाला आधी फोन करण्याची गरज नाही. कोणी ना कोणी जागे असतेच.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
गृहनिर्माण संस्थेच्या सर्व रहिवाशांच्या वतीने